जर्मनीला 11,904 युरो पोहोचवायचे आहेत: बँक, मनी चेंजर की ऑनलाइन पोर्टल?

जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, सहसा वर्षाचे 11,904 युरो भरावे लागतात आणि पूर्ण रक्कम जमा झाल्याखेरीज खात्याचे प्रमाणपत्र मिळत नाही. मुलाचा प्रवेश झालेल्या कोथरूडमधील एखाद्या कुटुंबाला ही रक्कम पाठवायची आहे, असे समजू. हिशेब सोपा जावा म्हणून युरोचा बाजारातील मध्यदर, म्हणजे खरेदी आणि विक्रीच्या दरांच्या मधला दर, 100 रुपये धरला आहे; शुल्क आणि दरही नमुन्याचे आहेत.

| पर्याय | शुल्क (जीएसटीसह) | लावलेला दर | वाटेतील कपात | एकूण खर्च |
|---|---|---|---|---|
| बँकेची शाखा | 590 रु. | 102.00 | 20 युरो | सुमारे 12,17,900 रु. |
| मनी चेंजर | शून्य | 101.20 | 20 युरो | सुमारे 12,07,700 रु. |
| ऑनलाइन पोर्टल | 1,770 रु. | 100.40 | नाही | सुमारे 11,98,000 रु. |

चलन रूपांतरावरील जीएसटी तिन्हीकडे हजार-सव्वाहजाराच्या आतच बसतो आणि तो एकूण खर्चात धरला आहे. दहा लाखांवरील रकमेवर पाठवतानाच आगाऊ घेतल्या जाणाऱ्या टीसीएस या कराचा नियम सर्वांना सारखाच असल्याने तो बाजूला ठेवला आहे.

शुल्क सर्वांत जास्त घेणारा पर्यायच येथे सर्वांत स्वस्त ठरतो, कारण खरी कमाई दरात दडलेली असते: मध्यदराच्या वर एक रुपया लावला, तरी या रकमेवर जवळपास बारा हजार रुपये जातात. म्हणून ‘झिरो फी’ची पाटी पाहून हुरळू नये. लक्ष्मी रस्त्यावरच्या काउंटरवर लावलेला दर बहुधा नोटांचा असतो. ट्रान्सफरसाठी ‘टीटी सेलिंग’ दर विचारावा आणि त्याच मिनिटाचा मध्यदर मोबाइलवर पाहून फरक मोजावा. एवढ्या मोठ्या रकमेसाठी शाखेतही दर कमी करून मागता येतो, मात्र मागितल्याशिवाय तो सहसा मिळत नाही.

वाटेतील कपात हा मधल्या बँकांचा मामला आहे. पाठवताना SHA निवडले, तर त्या आपले शुल्क रकमेतूनच कापतात. OUR निवडले, तर ते पाठवणाऱ्याकडून आधीच घेतले जाते. आमच्या घरच्या पहिल्या व्यवहारात हे कोणी सांगितले नाही, 18 युरो कमी जमा झाले, आणि तेवढ्यासाठी पुन्हा परदेशी पैसे पाठवण्याचा ए-2 फॉर्म भरून 590 रुपये मोजावे लागले. स्विफ्ट संदेशाची प्रत मागून घ्यावी. त्यात शुल्काच्या रकान्यासमोर OUR किंवा नव्या स्वरूपातील DEBT आहे की नाही ते दिसते.

दरमहाच्या खर्चासाठी मात्र गणित उलटते. मनी चेंजरने पूर्ण रक्कम पोहोचवण्याची लेखी हमी दिली, तर वरच्याच दरांनी सुमारे 2.2 लाख रुपयांपर्यंत तोच स्वस्त पडतो, कारण 50,000 रुपयांवर पोर्टलपेक्षा चढ्या दरामुळे 400 रुपये जास्त जातात, तर पोर्टलचे 1,770 रुपये ठरलेलेच असतात.