दोन मित्रांची ओळख करून द्यायची आहे: नंबर द्यावा की तिघांचा ग्रुप करावा?

काही वर्षांपूर्वी मी दोन मित्रांचा एक ग्रुप केला. त्यात लिहिलं, “तुम्ही दोघं भेटलात तर भन्नाट जमेल तुमचं! बोला आता!” एकाने हात जोडलेली इमोजी टाकली. दुसऱ्याने चार तासांनी “हाय” लिहिलं. त्यानंतर कुणीच काही लिहिलं नाही. दोघंही बोलके होते. चूक माझ्या संदेशात होती, आणि थोडी मी निवडलेल्या पद्धतीतही.

संदेशावर ओळख करून देण्याच्या मुख्य पद्धती दोन. एक म्हणजे एकाचा नंबर दुसऱ्याला देऊन “तू लिही त्याला” म्हणायचं. दुसरी म्हणजे तिघांचा ग्रुप करून आपणच दोघांना समोरासमोर आणायचं. कुठलीही निवडली तरी त्याआधी दोघांना वेगवेगळं विचारावं लागतं. हे मी पद्धतींत धरत नाही, कारण ते टाळायची सोयच नाही. नंबर देताना ही गरज सगळ्यांना कळते. ग्रुप करताना मात्र विसरायला होतं की व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये दोघांना एकमेकांचे नंबर आपोआप दिसतात. न विचारता ग्रुप केला म्हणजे न विचारता दोन नंबर वाटले.

खरं उदाहरण घेतो, नावं बदलून. मीराकडे तिच्या आजीच्या आठवणींची चाळीसेक रेकॉर्डिंग होती. सगळी मोबाईलवर केलेली आणि बहुतेकांत पंख्याची घरघर. अनिकेत पोटापाण्यासाठी ध्वनिसंपादन करतो. जोडी सरळच वाटते, पण अनिकेतच्या बाजूने बघा. “माझी एक मैत्रीण आहे, तिची काही रेकॉर्डिंग आहेत” एवढं ऐकलं की त्याला पुढचं वाक्य कळतं: फुकटात साफ करून दे. असं त्याच्या बाबतीत अनेकदा झालेलं आहे. म्हणून मला त्याच्या बाजूचं कारण शोधावं लागलं, आणि ते होतं. त्याला स्वतःच्या वडिलांना बोलतं करून रेकॉर्ड करायचं होतं, पण माईक समोर आला की ते हो-नाहीवर यायचे. मीराची आजीही सुरुवातीला अशीच होती. म्हणजे आवाज साफ कसा करायचा हे याला ठाऊक आणि माणूस मोकळा कसा करायचा हे तिला. दोघांनाही काही द्यायला होतं, काही घ्यायलाही. असं दुहेरी कारण सापडत नसेल तर मी ओळख करून देत नाही. “दोघांनाही वाचनाची आवड” हे कारण नव्हे, त्यावर दुसरं वाक्य सुचत नाही.

आधी कुणाला विचारायचं? ज्याला ‘नाही’ म्हणणं जड जाईल, त्याला. इथे तो अनिकेत. मीराचं नाव न घेता मी त्याला लिहिलं:

“माझी एक मैत्रीण तिच्या आजीच्या आठवणी रेकॉर्ड करतेय. आजी आधी माईकसमोर गप्प बसायची, आता तासभर बोलते. तुझ्या बाबांसाठी तिच्याशी बोलावंसं वाटेल का? तिला पार्श्वभूमीच्या आवाजाबद्दल एक-दोन प्रश्न आहेत. फाईल साफ करून द्यायची नाहीये, नुसतं बोलायचं. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही, त्यामुळे ‘सध्या नको’ म्हणालास तरी चालेल. आणि हो म्हणालास तर बाबांची गोष्ट तिला सांगू ना?”

शेवटचा प्रश्न मी पूर्वी विचारत नसे. दोन माणसांना जोडायच्या भरात आपण एकाची घरातली गोष्ट दुसऱ्याला सहज सांगून मोकळे होतो. त्याने “सांग, पण ते चिडतात वगैरे नको” असं कळवलं. मी त्यांच्या चिडण्याबद्दल बोललोही असतो. मग मीराला विचारलं, आणि तिला नाव सांगायला आता हरकत नव्हती, कारण त्याचा होकार आला होता. तो नाही म्हणाला असता तर असं काही घडलं होतं हे तिला कळलंही नसतं.

इथून पुढे दोन वाटा फुटतात.

नंबर द्यायचा तर पहिलं वाक्य लिहिण्याचं ओझं एकावर पडतं आणि दुसरा वाट बघत राहतो. लिहिणारा जर लाजाळू असेल तर तो “उद्या लिहू” करत आठवडा घालवतो. वाट बघणाऱ्याला वाटतं, आपल्यात रस नसावा. म्हणून नंबर देताना कोण लिहिणार आणि साधारण कधी, हे दोघांनाही सांगून ठेवायचं: “मीरा या आठवड्यात लिहील. नाही लिहिलं तर ती कामात आहे असं समज.” नंबर द्यायचा तो ज्याला गरज जास्त आहे त्याच्या हातात, कारण सुरुवात त्यानेच करणं साहजिक असतं.

यात दोन बारीक गोष्टी आहेत. संपर्काचं कार्ड पाठवलं की आपण ज्या नावाने नंबर साठवलाय तेच नाव त्याच्याबरोबर जातं. माझ्या फोनमध्ये एक जण ‘उशिरा येणारा’ या नावाने होता, तो तसाच पुढे गेला. (मैत्री टिकली.) त्यामुळे कार्ड पाठवण्याआधी नाव बघून घ्या, किंवा नुसता नंबर टाईप करा. दुसरी गोष्ट, अनोळखी नंबरवरून आलेले फोन अनेकांनी गप्प करून ठेवलेले असतात, तेव्हा पहिला संपर्क संदेशानेच व्हावा. त्यातही आपलं नाव पहिल्याच ओळीत हवं, कारण सूचनेत सुरुवातीचे काही शब्दच दिसतात. “नमस्कार, कसे आहात” एवढंच दिसलं तर माणूस संदेश उघडेलच असं नाही.

नंबर देण्याचा फायदा म्हणजे एकांत. आपण तिथे नसतो. अडाणी वाटणारा प्रश्न विचारताना, पैशाचं बोलताना किंवा नकार देताना तिसरा माणूस बघत नाहीये याने फार फरक पडतो.

ग्रुपमध्ये उलट होतं. पहिलं वाक्य आपण लिहितो, त्यामुळे कुणावरच सुरुवातीचं ओझं नाही. दोघांनाही एकाच वेळी एकच मजकूर दिसतो, म्हणजे आपल्याबद्दल दुसऱ्याला काय सांगितलंय याची शंका उरत नाही. मराठीत आणखी एक फायदा होतो, तो मला फार उशिरा लक्षात आला: ‘तू’ की ‘तुम्ही’ हा पेच. अनोळखी माणसं एकमेकांना ‘तुम्ही’ने सुरुवात करतात आणि मग कुणी आधी ‘तू’वर यायचं यात अडकतात, किंवा “फाईल पाठवली का?” असली कर्ता नसलेली वाक्यं लिहीत बसतात. ओळख करून देणारा हे एका ओळीत सोडवू शकतो. वयात अंतर असेल तर “मी त्यांना ताई म्हणतो” एवढं लिहिलं तरी पुरे.

ग्रुपचा तोटाही तितकाच खरा. दोघंही एकमेकांशी न बोलता आपल्याशी बोलू लागतात. ओळखायची खूण सोपी: उत्तरांत आपलं नाव येतं, “थँक्स रे” येतं, आणि कुणी कुणाला प्रश्न विचारत नाही. मग आपण उत्तर दिलं की हे आणखी घट्ट होतं. अशा वेळी गप्प बसणं जड जातं, पण बसावं. दुसरा तोटा म्हणजे आपल्यासमोर दोघंही जरा जास्त सभ्य वागतात.

मी मीरा-अनिकेतसाठी ग्रुप निवडला, कारण गरज दोघांची साधारण सारखी होती आणि दोघंही पटकन उत्तर देणारे. लिहिलं ते असं:

“मीरा, हा अनिकेत. अनिकेत, ही मीरा. दोघांनाही विचारूनच हा ग्रुप केलाय. मीराने आजीच्या आठवणींची चाळीसेक रेकॉर्डिंग केलीत, पंख्याच्या घरघरीसकट. अनिकेतचं काम आवाजाचं आहे आणि त्याला त्याच्या बाबांना रेकॉर्ड करायचंय, पण माईक दिसला की ते गप्प. दोघंही माझे ‘तू’वाले, त्यामुळे अहो-जाहो नको. मीरा, पहिल्या दिवशी आजी गप्प होती तेव्हा तू काय केलंस, ते सांग ना अनिकेतला. घाई नाही, सवडीने. मी परवा ग्रुपमधून बाहेर पडतोय, पुढे तुम्हाला हवं तसं बोला.”

या मजकुरात कौतुक नाही, हे मुद्दाम. “अनिकेत म्हणजे या क्षेत्रातला बाप माणूस” असं लिहिलं असतं तर मीराला प्रश्न विचारायला संकोच वाटला असता आणि अनिकेतला पहिल्याच वाक्यात ते सिद्ध करावं लागलं असतं. प्रश्न एकच आहे आणि तो एकीलाच विचारलाय. दोघांना मिळून विचारला की दोघंही दुसऱ्याची वाट बघतात. शिवाय तो मीराला विचारला, जिच्याकडे या विषयातलं देणं आहे. अनिकेतला आधी आवाजाबद्दल विचारलं असतं तर गाडी पुन्हा फुकट मदतीवर आली असती. प्रश्न मतावर नसून घडलेल्या गोष्टीवर आहे, म्हणून उत्तर द्यायला विचार करावा लागत नाही, फक्त आठवावं लागतं.

मीराने लिहिलं की तिने पहिल्या दिवशी फोन आजीच्या हातात देऊन “तूच बटण दाब” म्हटलं होतं. अनिकेतने त्यावर बटण दाबल्यानंतर काय झालं ते विचारलं, आणि मग स्वतःहूनच सांगितलं की बोलायला लागण्याआधी पाच-दहा सेकंद खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करून ठेव, पंख्यासकट. घरघर कमी करणाऱ्या सॉफ्टवेअरला नेमका कुठला आवाज काढायचा हे त्या तुकड्यावरून दाखवता येतं. तिसऱ्या दिवशी मी बाहेर पडलो. व्हॉट्सॲपवर ग्रुप सोडल्याची सूचना फक्त ॲडमिनला जाते, तरी मी सांगून गेलो, कारण न सांगता गेलेला माणूस रागावलाय असं वाटू शकतं.

तुमच्या जोडीत एकाला दुसऱ्याकडून काही हवं असेल, नोकरीचा सल्ला, आजाराबद्दलचा अनुभव, असं काहीही, तर ग्रुप करू नका, नंबर द्या. मागणाऱ्याला प्रेक्षक नको असतो आणि देणाऱ्याला आपल्या भिडेखातर हो म्हणावं लागतं. एकाशी तुमची वीस वर्षांची मैत्री आणि दुसऱ्याशी सहा महिन्यांची, तरीही नंबरच बरा. ग्रुपमध्ये जुना मित्र जुन्या विनोदांवर घसरतो आणि नवा बाहेर उभा राहतो. कुणाला नंबरच द्यायचा नसेल तर टेलिग्राम किंवा सिग्नलवरचं वापरकर्तानाव देता येतं, तिथे फोन नंबर लपवून ठेवता येतो.

दोन्ही पद्धतींत कधीकधी काहीच घडत नाही. आठवड्याभराने मी एकदाच आठवण करतो, तीही फक्त ज्याने लिहायचं होतं त्याला, वेगळ्या संदेशात: “राहून गेलं असेल तर काही नाही, नको असेल तर मी तिकडे सांगतो.” बऱ्याचदा त्यावर “बरं झालं विचारलंस, सध्या नको” असं येतं. मग वाट बघणाऱ्याला मी एवढंच कळवतो की सध्या जमत नाहीये. का, ते सांगत नाही. आणि बोलणं सुरू झालेल्यांना “मग, काय बोललात?” असंही विचारत नाही. अनिकेतच्या बाबांनी बटण दाबलं की नाही, ते मला अजून माहीत नाही.