एकच फोटो, चेहरे मात्र वेगळे: आयपी-अडॅप्टर की इन्स्टंटआयडी?

हाताशी एका व्यक्तीचा एकच चांगला फोटो आहे आणि तीच व्यक्ती आठ-दहा वेगवेगळ्या चित्रांत दाखवायची आहे. एसडीएक्सएल वापरत असाल तर नवं ट्रेनिंग न करता जाणारे दोन रुळलेले रस्ते म्हणजे आयपी-अडॅप्टर आणि इन्स्टंटआयडी. चेहरा दोन्हींत थोडाफार बदलतोच. मात्र प्रत्येकात वेगळ्या गोष्टी बदलतात, आणि निवड त्यावरूनच करावी.

मॉडेल फोटोतला चेहरा उचलून चित्रात चिकटवत नाही. चित्र सुरू होतं नॉइजपासून. फोटोचे आधी आकडे होतात आणि ते आकडे क्रॉस-अटेन्शनमधून पायरीगणिक चित्राला आपल्याकडे ओढतात. प्रॉम्प्ट त्याच वेळी आपल्याकडे ओढत असतो. सीड बदललं की नॉइज बदलतो, डोक्याचा कोन आणि उजेड वेगळा ठरतो. मग आकड्यांत जे आलेलंच नाही, ते मॉडेल दर वेळी आपल्या मनाने भरतं.

आयपी-अडॅप्टरमध्ये हे आकडे क्लिप काढतं. क्लिप शिकलंय चित्र आणि त्याखालचा मजकूर यांच्या जोड्यांवर. त्यामुळे माणूस मजकुरात जे लिहील ते त्याला छान कळतं: दाढी, चष्मा, कुरळे केस, साधारण वय, उजेडाचा रंग. दोन डोळ्यांतलं अंतर कोण कशाला लिहील? म्हणून केस, शर्ट, वातावरण अगदी जुळतं आणि माणूस मात्र चुलतभाऊ वाटतो.

इन्स्टंटआयडी आकडे घेतं आर्कफेस जातीच्या चेहरा ओळखणाऱ्या मॉडेलकडून. ते चेहरा सरळ करून ११२×११२ पिक्सेलमध्ये बसवतं आणि ५१२ आकडे देतं. एकाच माणसाचे वेगवेगळ्या उजेडातले, वेगवेगळ्या केशरचनेतले फोटो जवळ आणायचे, हेच त्याचं शिक्षण. साहजिकच चेहऱ्याची ठेवण टिकते. केसांचा भांग, दाढीची लांबी चित्रागणिक बदलते. त्या प्रॉम्प्टमध्येच लिहाव्या लागतात, आणि दर वेळी त्याच शब्दांत.

त्याची दुसरी खोड म्हणजे मान. डोळे, नाक, ओठांची टोकं असे पाच बिंदू ते कंट्रोलनेटमधून लादतं. बिंदू रेफरन्स फोटोतलेच राहिले तर दहाही चित्रांत मान त्याच कोनात आणि चेहरा त्याच जागी येतो. बिंदूंसाठी वेगळा पोझ फोटो द्या.

आयपी-अडॅप्टरमध्ये सगळ्यात महाग पडणारी चूक चित्र बनण्याआधीच होते. समजा फोटो १२००×१६०० आहे आणि चेहरा वरून १२० ते ४२० पिक्सेलमध्ये. क्लिपला २२४×२२४ लागतं, त्यामुळे नेहमीच्या प्रक्रियेत फोटो लहान होतो आणि मधला चौकोन ठेवून बाकीचं कापलं जातं. मूळ फोटोचे वरचे २०० पिक्सेल गेले, म्हणजे कपाळ गेलं. उरलेला चेहरा जेमतेम ४१ पिक्सेल उंच. क्लिपची मोठी मॉडेलं १४ पिक्सेलच्या तुकड्यांत बघतात. २५६ पैकी साधारण नऊच तुकडे चेहऱ्याला मिळाले. बाकीचे भिंत आणि शर्ट बघत बसले! चेहऱ्याभोवती ४५० पिक्सेलचा चौकोन आधीच कापला, तर चेहरा सुमारे १४९ पिक्सेल उंच होतो आणि ऐंशीच्या आसपास तुकडे त्याच्या वाट्याला येतात.

```python
ref = img.crop((375, 45, 825, 495))
pipe.set_ip_adapter_scale(0.6)
```

स्केल ०.६ पासून सुरू करा. १.० च्या जवळ गेलात तर प्रॉम्प्ट दबतो आणि मूळ फोटोची पार्श्वभूमी व उजेडही चित्रात झिरपतो. आयपी-अडॅप्टर घ्यायचंच, तर चेहऱ्यासाठी बनवलेली प्लस-फेस आवृत्ती घ्या. मूळ आवृत्ती अख्ख्या फोटोचे फक्त ४ टोकन करते. प्लसमध्ये १६ असतात.

तोच माणूस ओळखू यायला हवा असेल, तर आमचं मत इन्स्टंटआयडीला. पात्र काल्पनिक आहे, एकूण रूप जुळलं की पुरे, किंवा चित्रशैली फोटोसारखी नाही, तिथे आयपी-अडॅप्टर बरं. कार्टूनच्या चेहऱ्यावर चेहरा-शोधक बऱ्याचदा चेहराच सापडत नाही म्हणून थांबतो. व्यावसायिक काम असेल तर आणखी एक अडचण: इन्साइटफेसची तयार मॉडेलं केवळ बिगर-व्यावसायिक संशोधनासाठी खुली आहेत आणि इन्स्टंटआयडी त्यांच्यावरच चालतं. १५-२० फोटो हाताशी असतील, तर या दोन्हींऐवजी लोरा ट्रेन करा.

पूर्णाकृती चित्रात मात्र दोन्ही मार खातात. एसडीएक्सएल प्रत्यक्षात ८ पट लहान लेटंटवर काम करतं, म्हणून ९६ पिक्सेलचा चेहरा तिथे १२×१२ घरांत मावतो. एवढ्यात ओळख बसत नाही; स्केल वाढवलं तरी. चेहऱ्याचा भाग कापून १०२४ पर्यंत मोठा करा, त्याच रेफरन्ससह ०.३५ ते ०.४५ डीनॉइजवर इनपेंट करा आणि परत जागेवर बसवा. ०.६ च्या वर गेलात तर चेहऱ्याचा उजेड आणि मानेचा रंग जुळेनासा होतो. जबड्याखालची कडा बघितली की लगेच कळतं.