पोर्ट्रा ४०० आणि कोकण: एका मोसमाच्या वापरानंतर

गुहागर ते वेंगुर्ले या पट्ट्यातल्या घरगुती निवासांच्या पोस्टरमालिकेसाठी भादव्यापासून आंब्याच्या मोसमापर्यंत मी कोडॅक पोर्ट्रा ४०० हीच फिल्म वापरली. पोस्टर कुठल्याही गावचं असो, ते याच मालिकेतलं आहे हे लांबूनच कळायला हवं होतं.

आधी एक्टार १०० वापरून पाहिली. तिच्यावर जांभा झकास उठतो, पण माणसांचे चेहरेही त्याच तांबड्यात ओढले जातात. पोर्ट्राचा कॉन्ट्रास्ट मवाळ आहे, त्वचेचा रंग ती सांभाळते. मी ती ४०० ऐवजी २०० आयएसओची समजून मीटर करतो, म्हणजे एक स्टॉप जास्त प्रकाश. निगेटिव्हला जास्तीचा प्रकाश पचतो, दुपारच्या वाळूतही पोत राहतो. माडाखालच्या सावलीला प्रकाश कमी पडला तर मात्र ती गढूळ आणि दाणेदार येते, आणि ग्रेडिंगमध्ये सुधारत नाही.

तरीही पहिले स्कॅन एका मालिकेचे वाटेनात. दोष फिल्मचा नव्हता. लॅबचा स्कॅनर ऑटोवर असला की प्रत्येक फ्रेम वेगळी धरून तिचा एकूण रंग करड्याकडे ओढतो. फ्रेमभर जांभ्याची भिंत असेल तर तो तांबडा काढून घेतो आणि भिंतीपुढचा पांढरा सदरा निळसर-हिरवा दिसतो. फ्रेमभर भातशेती असेल तर तोच सदरा गुलाबी होतो. सकाळच्या धुक्याची फ्रेम तो ताणून कडक करतो, धुकंच जातं. एकाच रोलवरच्या, एकाच उन्हातल्या दोन फ्रेममधलं पांढरं शेजारी ठेवलं की हे लगेच दिसतं.

आता रोलच्या पहिल्या फ्रेमवर आणि प्रकाश बदलला की पुन्हा, मी करडं कार्ड टिपतो. लॅबकडून ऑटो दुरुस्त्या बंद ठेवलेले, सपाट, १६ बिटचे टिफ मागतो. कार्डावर रंग जुळवला की तीच दुरुस्ती त्या प्रकाशातल्या सगळ्या फ्रेमना लावतो. त्यावर मालिकेचा एकच कर्व्ह: ० ते २५५ च्या मापात सगळ्यात गडद काळा १८ च्या आसपास, सगळ्यात उजळ पांढरा २४० च्या, मधला भाग थोडा उभा. ही दोन टोकं कुठल्याही फ्रेमसाठी हलवत नाही. माझ्या मते मालिकेची ओळख रंगापेक्षा यातूनच जास्त येते; विहिरीचा काठ आणि होडीची सावली सारख्याच काळ्या दिसल्या की पोस्टरं एका घरची वाटतात.

जांभ्याचा तांबडा थोडा उतरवावा लागतो, आणि तिथे सांभाळून. रंग कुठल्या दिशेला झुकतो ते दाखवणाऱ्या व्हेक्टरस्कोपवर जांभा आणि त्वचा जवळजवळ एकाच दिशेला पडतात, त्यामुळे नुसता तांबडा उतरवला की चेहरे राखाडी होतात. मी चेहऱ्यावर मास्क ठेवून फक्त भिंत उतरवतो.

भर पावसासाठी ही फिल्म मला पुरत नाही. ढगांखाली २०० वर शटर फार मंद होतं. त्या फ्रेम डिजिटलवर घेतो, त्यांचीही टोकं १८ आणि २४० वर बांधतो, आणि फिल्मसारखा दाणा शेवटी, छपाईच्या मापाला आणल्यावरच घालतो.