एक, दोन, तीन ठिपके: स्टीम इस्त्रीचा आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्या ऐरोलीतील सोसायटीच्या फाटकाजवळ बसणारे इस्त्रीवाले काका गावी गेले ते परतलेच नाहीत, आणि घरातल्या चौघांच्या कपड्यांची जबाबदारी माझ्यावर आली. माहेरून आणलेली जुनी साधी इस्त्री होती, पण तिच्या चकतीवरील अक्षरे पुसली गेली होती. म्हणून मागच्या वर्षी १२५० वॅटची स्टीम इस्त्री घेतली. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे सांगायचे आहे ते या एका इस्त्रीपुरते नाही. जवळजवळ प्रत्येक इस्त्रीच्या चकतीवर असलेल्या ठिपक्यांचे आणि कापडांच्या नावांचे ते आहे.

माझ्या इस्त्रीच्या चकतीवर एका ठिपक्याजवळ ‘नायलॉन’, दोन ठिपक्यांजवळ ‘सिल्क’ आणि ‘वूल’, तीन ठिपक्यांजवळ ‘कॉटन’ आणि त्याच्या पुढे अगदी टोकाला ‘लिनन’ असे लिहिलेले आहे. कपड्याच्या आतल्या लेबलावरही इस्त्रीचे छोटे चित्र असते आणि त्या चित्रात हेच ठिपके असतात. तिथे त्यांचा अर्थ कमाल मर्यादा असा आहे: एक ठिपका म्हणजे साधारण ११० अंश सेल्सिअस, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. चित्रावर फुली असेल तर इस्त्री करूच नये, आणि चित्राखालच्या वाफेच्या रेघांवर फुली असेल तर वाफ वापरू नये. इस्त्रीवरचा ठिपका मात्र एक नेमका आकडा नसून तापमानाचा पट्टा असतो, आणि ही गोष्ट मला पहिल्या तीन महिन्यांत दोन कपडे खराब केल्यानंतरच कळली.

पहिला कपडा म्हणजे यजमानांची ऑफिसची काळी पँट. कापड बहुतांशी पॉलिस्टरचे होते. मी चकती दोन ठिपक्यांवर ठेवली, दिवा विझताच इस्त्री उचलली आणि खिशाच्या शिवणीवर सरळ टेकवली. कापड जळले नाही, चिकटलेही नाही. पण शिवणीच्या उंचवट्यावर आणि खिशाच्या कडेवर आरशासारखी चकाकी आली, ती आजही तशीच आहे. ओल्या फडक्याने पुसून आणि व्हिनेगर लावूनही पाहिले, काही फरक पडला नाही. पडणारच नव्हता, कारण पॉलिस्टरचा धागा उष्णतेने मऊ होतो आणि दाबाखाली चपटा होऊन तसाच थिजतो. ती चकाकी म्हणजे वर बसलेला डाग नसून धाग्याचा बदललेला आकार असतो.

मुळात चकती योग्य जागी असताना इतकी उष्णता आली कुठून, हा प्रश्न मला सतावत राहिला. माझे दीर टीटीसी औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात काम करतात. त्यांनी एका रविवारी इस्त्रीच्या तळाला टेकवून तापमान मोजायचा थर्मोकपल आणला. (ताप पाहायच्या बंदुकीसारख्या यंत्राने हे मोजण्याचा माझा आधीचा प्रयत्न हास्यास्पद ठरला होता. ते यंत्र शरीराच्या तापमानापलीकडे काही दाखवतच नाही. कारखान्यातली तसली यंत्रेही चकचकीत धातूवर खऱ्यापेक्षा बराच कमी आकडा देतात, असे दीर म्हणाले.) आम्ही चकती ‘सिल्क’वर ठेवून थंड इस्त्री सुरू केली. दिवा पहिल्यांदा विझला, तरी तळाचे तापमान चढतच राहिले आणि १७० च्या थोडे पुढे जाऊन थांबले. मग ते हळूहळू उतरले, दिवा पुन्हा लागला, आणि तिसऱ्या फेरीपासून पुढे ते साधारण १३० ते १५० च्या दरम्यान खालीवर होत राहिले.

याचे कारण थर्मोस्टॅटमध्ये आहे. त्यात दोन वेगवेगळ्या धातूंची एकमेकींना जोडलेली पट्टी असते. ती तापली की वाकते आणि वीज तोडते. पण कॉइलची उष्णता तळात पसरून त्या पट्टीपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. थंड इस्त्री वेगाने तापत असते तेव्हा पट्टीला खबर लागेपर्यंत तळ पुढे निघून गेलेला असतो. म्हणजे दिवा पहिल्यांदा विझतो तो क्षण नाजूक कापडासाठी सर्वांत धोक्याचा, आणि आपण नेमके तेव्हाच इस्त्री उचलतो. आता मी दिवा दोनदा लागून दोनदा विझेपर्यंत थांबते. माझ्या इस्त्रीला त्यासाठी पाच-सहा मिनिटे लागतात.

याच मोजणीत दुसरी गोष्ट दिसली. तीन ठिपक्यांवरून चकती एका ठिपक्यावर आणल्यानंतर उभ्या ठेवलेल्या इस्त्रीला तेवढे निवायला जवळजवळ पाव तास लागला. चकती फिरवली म्हणजे इस्त्री थंड झाली असे नव्हे. त्यामुळे आता कपड्यांचा क्रम खालून वर असतो: आधी कृत्रिम धाग्याचे, मग रेशमी, मग सुती आणि शेवटी लिनन. सासूबाईंना आधी सासऱ्यांचे शर्ट झालेले हवे असतात. “अगं, आधी त्यांचे दोन सदरे तेवढे काढून दे,” असे त्या म्हणतात, आणि त्यावरून आमच्यात अजूनही अधूनमधून वाद होतो.

दुसरे नुकसान मात्र पट्टीचे नव्हते. ते ‘सिल्क’ या शब्दाचे होते, आणि मला ते जास्त महत्त्वाचे वाटते. ठाण्यातल्या एका लग्नात आहेर म्हणून मिळालेली मोरपंखी साडी होती आणि तिच्या खोक्यावर ‘सिल्क’ असे ठळक छापलेले होते. मी चकती ‘सिल्क’वर ठेवली, या वेळी नीट थांबले, आणि पदरावरून इस्त्री फिरवली. पहिल्याच फेऱ्यात जर चुरचुरली, काठ आखडला आणि सपाट राहायचा तो पदर पापडाच्या कडेसारखा लाटालाटांचा झाला. साडीला लेबल नव्हते, आपल्याकडच्या साड्यांना ते बहुधा नसतेच. म्हणजे लेबलावरचे ठिपके पाहावेत हा सल्ला जिथे सर्वांत जास्त हवा तिथेच उपयोगी पडत नाही.

मग मी पदराच्या गोंड्यातला एक धागा काढून, चिमट्यात धरून, गॅसवर नव्हे तर स्टीलच्या ताटलीत मेणबत्तीच्या ज्योतीजवळ नेला. खरे रेशीम ज्योतीत हळू जळते, केस जळल्याचा वास येतो आणि मागे उरलेली काळी राख बोटांनी चुरली जाते. माझा धागा ज्योतीजवळ जाताच आक्रसला, वितळला आणि थंड झाल्यावर त्याच्या टोकाला नखानेही न फुटणारा कडक मणी राहिला. साडी पॉलिस्टरची होती, आणि जरही धातूच्या पातळ थराची प्लास्टिक पट्टी होती. खऱ्या जरीत रेशमी किंवा सुती धाग्याभोवती धातूची तार असते. या दुसऱ्या प्रकारात चमकणारा भाग तेवढा धातूचा आणि आतला सगळा प्लास्टिकचा असतो, त्यामुळे उष्णता लागली की ती कपड्याच्या आधी आकसते आणि काठ ओढून घेते. ‘आर्ट सिल्क’ नावाने विकले जाणारे बरेचसे कापड व्हिस्कोसचे असते. त्याचा धागा कागदासारखा वास देत जळतो, मणी होत नाही, आणि ते दोन ठिपके सहन करते. म्हणजे एकाच ‘सिल्क’ शब्दाखाली तीन वेगळे धागे येतात, आणि चकतीला त्यांतला एकच अभिप्रेत असतो.

आता साडी हातात आली की शक्य असेल तिथे धाग्याची चाचणी करते. धागा काढणे शक्य नसेल तर निऱ्यांच्या आत जाणाऱ्या टोकाला, उलट्या बाजूने, एका ठिपक्यावर सुरुवात करते आणि सुरकुती निघाली नाही तरच चकती थोडी पुढे नेते. आईच्या खऱ्या रेशमी पैठणीसाठी मी दोन ठिपक्यांच्या पट्ट्याचे सुरुवातीचे टोक वापरते. उलट्या बाजूने, वर मलमलचा पातळ तुकडा पसरून, इस्त्री न थांबवता फिरवते. वाफ पूर्ण बंद ठेवते, आणि हे मला विशेष सांगायचे आहे. पाण्याची वाफ होण्यासाठी तळ चांगला तापलेला लागतो. कमी ठिपक्यांवर वाफेची कळ दाबली तर पाणी थेंबाथेंबाने गळते, आणि रेशमावर त्या थेंबांची कडा असलेली वर्तुळे उमटतात. माझ्या इस्त्रीवर वाफेचा पट्टा दोन ठिपक्यांच्या शेवटापासून सुरू होतो. पुस्तिकेत ते लिहिलेले आहे, पण अगदी बारीक अक्षरांत. चकतीवरच ते ठळक दाखवायला काय हरकत होती, हे मला समजत नाही.

सुती आणि लिनन कपड्यांबाबत माझी चूक उलट्या बाजूची होती. लिननचा कुर्ता कडकडीत वाळवून, चकती शेवटच्या टोकाला नेऊन मी त्यावर झुंजत असे. सुरकुत्या तशाच राहत, आणि कॉलर मात्र एकदा पिवळसर झाली. सुती आणि लिनन धाग्यातल्या सुरकुत्या सोडवण्याचे काम पाणी करते, उष्णता नंतर त्या कापडाला सपाट स्थितीत वाळवते. सर्वसाधारण हवेतही सुती धागा आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरून असतो आणि लिनन त्याहून जास्त, तर पॉलिस्टर अर्ध्या टक्क्याच्याही आत. म्हणून पॉलिस्टरवर पाणी शिंपडून फारसे काही साधत नाही. लिनन मात्र दोरीवरून थोडे दमट असतानाच काढावे, किंवा शिंपडून, गुंडाळून अर्धा तास ठेवावे. मग तीन ठिपक्यांच्या पुढे जायची मला क्वचितच गरज पडते. पावसाळ्यात ऐरोलीत कपडे नाहीतरी पुरते वाळत नाहीत, आणि लिननसाठी तेवढी एक सोय होते.

मिश्र कापडाचा नियम सोपा आहे: लेबलावर ६५ टक्के पॉलिस्टर आणि ३५ टक्के कॉटन असेल तर सुती भाग काय मागतो ते विसरून पॉलिस्टरला काय सोसते ते पाहावे. अशा शर्टांच्या लेबलावर बहुधा दोन ठिपके असतात, मी मात्र त्यांच्या थोडे अलीकडेच थांबते.

इस्त्रीबद्दल सांगायचे तर तळाचे आवरण आठ महिन्यांनंतरही नीट आहे, वायर पुरेशी लांब आहे आणि वाफ सुती कपड्यांसाठी उत्तम आहे. दिवा मात्र मुठीच्या मागे असल्याने उजव्या हाताने काम करताना तो दिसतच नाही, आणि ज्या इस्त्रीत दिव्याच्या फेऱ्या मोजायच्या असतात तिथे हा दोष लहान नाही. चकतीवरचे शब्द मी आता वाचत नाही. त्या रविवारी मोजून ज्या तीन जागा ठरवल्या, तिथे लाल नेलपॉलिशचे तीन बारीक ठिपके मीच लावून घेतले आहेत, आणि ‘सिल्क’ या शब्दाच्या थोडा अलीकडचा एक ठिपका फक्त आईच्या पैठणीसाठी आहे.