‘तू उठतोस’ की ‘तुम्ही उठता’?

सोलापुरातली सकाळ: चादरीची घडी, चहा, कडक भाकरी, शेंगाचटणी. ही भयकथा वाचकालाच ‘तू’ म्हणत लिहिली की पहिल्याच क्रियापदाशी अडतं: ‘उठतोस’ की ‘उठतेस’? निम्म्या वाचकांना तिथंच कळतं, हे आपल्याबद्दल नाही.

‘तुम्ही उठता’मध्ये लिंग लपतं, पण सूर पाककृतीसारखा होतो. मला तोच हवा. ‘तुम्ही चादरीची घडी घालता. चहा ओतता. परत येता, तर चादर अंथरलेली. तुम्ही पुन्हा घडी घालता. चादर अजून ऊबदार आहे.’ कृती सांगणारा आवाज जराही दचकत नाही, म्हणून वाचणारा दचकतो.

‘तू’ मी शेवटच्या ओळीसाठी राखतो, चादरीखालून आल्यासारखा: ‘तू झोप ना अजून.’ आज्ञार्थात लिंग कळत नाही.