पफ बाही की बिशप बाही: फुगा खांद्याशी हवा की मनगटाशी?

"बाही जरा फुगीर करा" एवढं सांगून गिऱ्हाईक मोकळं होतं. पण फुगा नक्की कुठे बसवायचा आणि त्याला धरून काय ठेवणार, हे ठरल्याशिवाय कापडाला कात्री लावता येत नाही. पफ बाहीत फुगा खांद्याशी असतो. बिशप बाही खांद्याशी साधीच बसते आणि तिचा घेर कोपराखाली मनगटाकडे वाढत जातो. दोन्हींचं कटिंग एकाच साध्या बाहीवरून निघतं, फरक ती कुठे उघडली यात असतो.

ठाण्याहून ऐरोलीला रोज ट्रेननं ऑफिसला जाणारीच्या कुर्तीचं माप घेऊ. दंडघेर साडेअकरा इंच, मनगट साडेसहा, बाहीची पूर्ण लांबी २२. दीड इंच लूजिंग धरून साध्या बाहीचा पट १३ इंच झाला. कुर्तीचा मुंढा १६ इंच आणि बाहीच्या माथ्याची गोलाई साडेसोळा.

आधी पफ. आखूड बाही ८ इंचांची घ्या. खांद्याच्या खुणेपासून पुढे ३ आणि मागे ३ इंच एवढ्याच भागात चार उभ्या रेघा मारा, कागद कापा आणि प्रत्येक फट सव्वा इंच उघडा. वर-खाली सारखीच. म्हणजे ५ इंच घेर वाढला. काखेकडचा भाग मात्र जसाच्या तसा ठेवायचा, तिथे चुण्या आल्या की हात खाली ठेवल्यावर गोळा होतो. आता त्या ६ इंचांच्या पट्ट्यात जवळपास दुप्पट कापड चुणलं जाईल. जॉर्जेटला, मलमलला हे छान बसतं. जाड पॉपलिनला दीडपट पुरे, नाहीतर मुंढ्याची शिवण दोरखंडासारखी जाड होते.

इथे बहुतेकांचं एक राहून जातं: उंची. रुंदी वाढवली आणि माथा तेवढाच ठेवला, तर फुगा वर उठायला कापडच उरत नाही. म्हणून मधोमध माथा सव्वा इंच वर घ्यायचा आणि दोन्ही खुणांकडे गोलाईत उतरवायचा. उंची कमी पडलीय हे अंगावर घातल्यावर लगेच कळतं. फुगा चपटा पडतो, काखेकडून माथ्याकडे तिरप्या रेघा ओढल्या जातात आणि बाहीची खालची कड मधोमध वर उचलली जाते. ते चुण्या वाढवून सुटत नाही, माथाच वाढवायला हवा. कुर्तीचा खांदाही अर्धा इंच आत घ्या. नाहीतर फुगा खांद्याच्या टोकावर न बसता दंडावर घसरतो आणि बाई आहे त्यापेक्षा रुंद दिसते.

चुण्यांसाठी मशीनचा टाका सगळ्यात मोठा करून दोन ओळी माराव्यात, शिवणीच्या रेघेच्या एक आत, एक बाहेर. मग दोन्ही टोकांकडून फक्त बॉबिनचे दोरे ओढायचे. एकाच ओळीवर ओढलं की चुण्या एका जागी गोळा होतात आणि दुसरीकडे कापड सपाट राहतं. बाही जोडल्यावर शिवणीचं मार्जिन बाहीच्या बाजूला वळवा. तेच फुग्याला आतून टेकू देतं.

बिशपमध्ये माथ्याला हात लावायचा नाही. साध्या लांब बाहीची खालची कड १० इंच आहे असं धरा. कडेकडून वर तीन रेघा कापा, माथ्याशी कागद जोडलेलाच ठेवा आणि खाली पंख्यासारखं उघडा: पुढची फट १ इंच, मधली २, मागची ३. कड १६ इंचांची झाली. मागे जास्त का, तर आपला हात कोपरात पुढे वाकतो आणि घेर कोपराच्या मागच्या अंगाला लोंबतो. याच कारणानं मागच्या बाजूला कड पाऊण इंच खाली उतरवायची. लांबी अशी: २२ मधून २ इंचांचा कफ वजा, वर दीड इंच झोळ, म्हणजे साडेएकवीस; मार्जिन वेगळं. झोळ विसरलात तर हात वाकवला की कफ वर ओढला जातो. दोन्ही बाह्या कापताना कागद एकदा उलटा ठेवा, नाहीतर दोन्ही एकाच हाताच्या निघतात आणि ते कफ लावेपर्यंत लक्षातही येत नाही.

आता घेर धरणार कोण? कफ की इलॅस्टिक, यावर मी बराच वेळ घालवते, कारण रोजची सोय यानंच ठरते. बिशपला साडेसात इंच गोल कफ आणि बटणासाठी १ इंच जास्तीचा, म्हणजे तयार कफ साडेआठ इंचांचा. आत बकरम, आणि जिथे कड खाली उतरते तिथे ३ इंचांची फट पट्टीनं शिवून घ्यायची. दिसायला देखणा, पण बटण उघडल्याशिवाय बाही वर सारता येत नाही. छत्री धरून स्टेशनबाहेर उभं राहिलं की पाणी दांड्यावरून थेट कफमध्ये उतरतं आणि दोन थरांचं कापड संध्याकाळपर्यंत वाळत नाही. इलॅस्टिकला फट नको, बटण नको. मनगटाच्या मापाएवढंच, साडेसहा इंच घ्यायचं, अर्धा इंच जोडाला जास्त. तळवा जाईल एवढं ते ताणलं पाहिजे, हे शिवण्याआधी हातात घालून बघावं.

पफला दंडाची पट्टी न ताणणारी असेल, तर माप हात वाकवून घ्या. दंड फुगवल्यावर साडेअकराचे १२ सहज होतात. सरळ हातावर बेतलेली पट्टी लोकलमध्ये वरची कडी धरताना रुतते. त्याजागी पाव इंची इलॅस्टिक साडेदहा इंच घेतलं तर दंडाला जाच होत नाही, पण चुण्या जरा लहान मुलींच्या फ्रॉकसारख्या दिसतात. लग्नाच्या ब्लाउजला मी इलॅस्टिक देत नाही, पट्टीच. काठ असेल तर पट्टी काठाचीच.

कापडाचा हिशेबही निर्णय बदलतो. ४४ इंच पन्ह्यात दोन बिशप बाह्या शेजारी-शेजारी बसतात, पण सुमारे ६५ सेंटीमीटर लांबी खातात. पफच्या जोडीला ३० सेंटीमीटरच्या आसपास पुरतात. साडीच्या ८० सेंटीमीटर ब्लाउजपीसमध्ये बिशप बसवायचा हट्ट धरणाऱ्यांना मी आधी अंगाचे भाग कापडावर मांडून दाखवते.

ऐरोलीवालीला मी बिशपच सांगितली, मलमलमध्ये, मनगटाला इलॅस्टिक देऊन. माथा साधा असल्यानं बॅगेचा पट्टा खांद्यावर फुगा चेपत नाही, हात वर केला तरी दीड इंचाचा झोळ पुरतो आणि डबा धुताना बाही कोपरापर्यंत सारता येते. पफ तिला दिवाळीच्या ब्लाउजसाठी ठेवायला सांगितली, ऑर्गेन्झात; ते कापड स्वतःच ताठ असतं, आत टेकू लागत नाही. इलॅस्टिकच्या बोगद्याला काखेच्या शिवणीपाशी एक इंच जागा हातशिलाईनं बंद करून ठेवलीय. घामानं आणि गरम इस्त्रीनं ते ढिलं पडणारच, तेव्हा तेवढेच टाके उसवून नवं ओवता येईल.