ब्रँडेड आणि असेंबल्ड डेस्कटॉप: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत आम्ही एकाच आठवड्यात दोन डेस्कटॉप घेतले. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतील आमच्या टॉवेलच्या कारखान्यात बिले आणि स्टॉक पाहण्यासाठी एका नामांकित कंपनीचा तयार संच घेतला, तर जुळे सोलापुरातील घरी जकार्डची डिझाइन करण्यासाठी सुटे भाग आणून मी स्वतः संगणक जोडला. दोन्ही यंत्रे वर्षभर रोज चालली आणि दोन्ही एकेकदा बिघडली, म्हणून हा अनुभव लिहिताना वेगाच्या तुलनेपेक्षा त्या दोन बिघाडांबद्दलच अधिक सांगण्यासारखे आहे.

किमतीचा मुद्दा थोडक्यात आटोपतो. तयार संच अठ्ठावन्न हजारांना पडला. त्यात ८ जीबी रॅम, ५१२ जीबीची एसएसडी आणि परवानाधारक विंडोज होते. घरच्या संगणकाला रायझन ५ ७६००, ३२ जीबी रॅम आणि १ टीबी एसएसडी घालून सुटे भाग पंचावन्न हजारांत बसले, पण विंडोजचा परवाना वेगळा घ्यावा लागला आणि खर्च पासष्ट हजारांच्या आसपास गेला. असेंबल्ड संगणक स्वस्त पडतो असे म्हणणारे बहुतेक जण हा परवाना हिशेबात धरत नाहीत.

वेळेचा हिशेब मी मुद्दाम लिहून ठेवला होता. भाग निवडण्यात तीन संध्याकाळी गेल्या आणि जोडणीत एक अख्खा रविवार गेला. त्यातला सर्वांत वाईट अर्धा तास पहिल्यांदा बटण दाबल्यानंतरचा होता. पंखे फिरत होते, पडदा मात्र काळाच होता. काही तरी चुकीचे जोडले गेले असे समजून मी दोनदा वीज बंद केली. वास्तविक या पिढीचे मदरबोर्ड पहिल्या वेळी डीडीआर५ रॅमची जुळवणी करून घेतात आणि त्याला काही मिनिटे लागतात. मध्येच वीज तोडली की ते काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. तिसऱ्या वेळी मी चहा प्यायला उठलो आणि परत येईपर्यंत पडदा उजळला होता. तयार संचाच्या बाबतीत हे सारे काम खोके उघडण्यापासून बिल छापण्यापर्यंत दीड तासात उरकले.

पहिला बिघाड कारखान्यात झाला. मे महिन्यात एका दुपारी तयार संचाचा एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, गेला. ऑनसाइट वॉरंटी असल्याने फोनवर तक्रार नोंदवली, तिसऱ्या दिवशी भाग घेऊन इंजिनियर आला, पाऊण तासात बदलून गेला आणि एक रुपयाही लागला नाही. याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मात्र मधल्या दोन दिवसांत नव्या पेठेतून तात्पुरता एसएमपीएस आणून काम चालवावे म्हणून मी कॅबिनेट उघडले, तेव्हा तो मार्गच बंद असल्याचे दिसले. बाजारातील एसएमपीएसला जो २४ पिनांचा जोड असतो, तो या मदरबोर्डवर नव्हताच. कंपनीने स्वतःच्या मापाचा छोटा जोड दिला होता आणि एसएमपीएसचा आकारही वेगळा होता. वॉरंटी आहे तोवर याने काही बिघडत नाही. ती संपल्यावर मात्र हाच भाग कंपनीकडून मागवणे किंवा जुन्या यंत्रातून काढलेला शोधणे, एवढेच उरते.

दुसरा बिघाड घरी, नेमका दिवाळीच्या ऑर्डरींच्या गर्दीत झाला. डिझाइनचे सॉफ्टवेअर मधूनच बंद पडू लागले, कालपर्यंत उघडणाऱ्या झिप फायली खराब असल्याचे सांगितले जाऊ लागले आणि शेवटी निळ्या पडद्यावर `MEMORY_MANAGEMENT` असे दिसले. मी आधी विंडोज नव्याने टाकण्यात एक संध्याकाळ वाया घालवली. नंतर पेनड्राइव्हवरून `MemTest86` चालवले, तेव्हा लाल ओळी येऊ लागल्या. येथे घाई करून चालत नाही. रॅम जाहिरातीतील वेगाने चालवणारी `EXPO` ही सेटिंग बायोसमध्ये चालू असेल, तर दोष त्या वाढीव वेगाचाही असू शकतो. म्हणून ती बंद करून चाचणी पुन्हा घेतली. चुका कायम राहिल्या. मग रॅमची एकेक पट्टी एकटीच, आधी एका आणि मग दुसऱ्या खाचेत लावून पाहिली. एक पट्टी स्वच्छ निघाली, दुसरी दोन्ही खाचांत चुका देत राहिली. म्हणजे खाच ठीक होती आणि पट्टी गेली होती. या निदानात दोन रात्री गेल्या. तयार संचात हे काम इंजिनियरचे असते; येथे इंजिनियर मीच होतो.

रॅमची वॉरंटी दहा वर्षांची होती, त्यामुळे मी निर्धास्त होतो. परंतु दोन पट्ट्या एका पाकिटात जोडी म्हणून घेतल्या असल्याने जोडीच परत पाठवावी लागेल, असे सेवा केंद्राने कळवले. पट्ट्या पुण्याला गेल्या आणि बदलून यायला बावीस दिवस लागले. मी चांगली पट्टी ठेवून काम चालवण्याचा बेत केला होता, तो बारगळला. नव्या पेठेतून चव्वेचाळीसशे रुपयांची १६ जीबीची एक पट्टी आणली आणि त्याच संध्याकाळी काम सुरू झाले. सुट्या भागांचे स्वातंत्र्य मला खऱ्या अर्थाने त्या दिवशी उपयोगी पडले: कंपनीने बावीस दिवस घेतले तरी माझे यंत्र दुकान उघडेपर्यंतच बंद राहिले. ती जादा पट्टी आता कपाटात पडून आहे, कारण कारखान्यातील संच डीडीआर४चा आहे आणि तिथे ती बसतच नाही.

याच प्रकरणात बिलाचे महत्त्व कळले. खरेदीच्या दिवशी दुकानदाराने ‘कॉम्प्युटर संच, १ नग’ अशी एकच ओळ लिहिली होती. प्रत्येक भागाचा अनुक्रमांक घालून मी ते बिल पुन्हा करून घेतले, तेव्हा तो जरा वैतागला होता. रॅम पाठवताना सेवा केंद्राने पहिल्यांदा तोच अनुक्रमांक बिलावर तपासला. दुकानाकडूनच जोडून घेतले तरी वॉरंटी प्रत्येक भागाच्या कंपनीची वेगवेगळीच राहते, तेव्हा ही ओळ सोडू नये. प्रोसेसरच्या सॉकेटमधील वाकलेल्या पिनांना मात्र कोणत्याही बिलाचे संरक्षण नसते; त्यामुळे स्वतः जोडताना प्रोसेसर बसवण्याच्या क्षणी बोलणे बंद ठेवावे.

डिसेंबरात घरच्या संगणकात ग्राफिक्स कार्ड घातले. ५५० वॅटचा एसएमपीएस आधीच असल्याने वीस मिनिटांचे काम झाले. कारखान्यातील संचाचा एसएमपीएस १८० वॅटचा आणि कॅबिनेट अरुंद आहे, त्यामुळे तिथे फार तर स्लॉटमधूनच वीज घेणारे, ७५ वॅटच्या आतले आणि कमी उंचीचे कार्ड बसू शकेल. बिले करणाऱ्या यंत्राला त्याची गरज नाही, हे खरे. त्याला गरज आहे ती महिन्यातून एकदा ब्लोअरची, कारण लूमजवळच्या हवेतील कापसाचे तंतू त्याच्या बारीक जाळीवर नमद्यासारखे बसतात.

एक वर्षाची ऑनसाइट वॉरंटी संपण्यापूर्वी, जानेवारीत, मी ती आणखी दोन वर्षांसाठी वाढवून घेतली. कारखान्यात माझ्याशिवाय कोणी स्क्रू-ड्रायव्हर हातात घेत नाही आणि त्या यंत्राचा एसएमपीएस नव्या पेठेत मिळत नाही. घरच्या संगणकासाठी तेवढ्याच पैशांत मी एक सुटा एसएमपीएस घेऊन त्या जादा पट्टीशेजारी कपाटात ठेवला आहे.